नोटिशीतली एक ओळ

मी मूळची सोलापूरची. आमच्या घरात हीटर ही वस्तू नव्हती, कुणाच्याच नव्हती. थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे अंगावर एक जास्तीची चादर, आणि ती दहा वाजेपर्यंत नकोशी व्हायची. त्यामुळे हिमाचलातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला गेले आणि दुसऱ्याच वर्षी मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन झाले, तेव्हा हीटरच्या वापराबद्दल नोटीस काढायची वेळ माझ्यावर यावी हा जरा विनोदच होता.

गाव सात हजार फुटांवर. इमारत दुमजली, अर्धी जुन्या दगड-लाकडाची, अर्धी नंतर वाढवलेली सिमेंटची. छत्तीस खोल्या, खोलीत दोघी. नोव्हेंबर उजाडला की दुपारी चार वाजता ऊन समोरच्या डोंगरामागे जायचं आणि इमारत दगडासारखी गार पडायची. मग सकाळी नऊपर्यंत ती तशीच.

माझ्या आधीच्या वॉर्डनबाईंची नोटीस फलकावर होती. काचेमागे, पिवळी पडलेली, दोन ओळींची. खोलीत हीटर वापरण्यास सक्त मनाई आहे, सापडल्यास पाचशे रुपये दंड. या नोटिशीखाली उभं राहून मुली वर्षानुवर्षं एकमेकींना विचारत आल्या होत्या, की तुझा हीटर दोन रॉडचा की ब्लोअरवाला. सगळ्यांकडे होते. दिवसा पलंगाखाली सुटकेसमागे, रात्री बाहेर.

मी नवी होते, उत्साही होते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन फेऱ्या मारल्या आणि चौदा हीटर जप्त करून ऑफिसच्या कपाटात ठेवले. नोटीसही नव्याने लिहिली. जुनी फारच कोरडी होती, मला वाटलं मुलींना कारणं सांगितली तर पटतील. शॉर्टसर्किट, आग, लाकडी छत, सगळं लिहिलं. आणि मग, माणुसकी म्हणून, शेवटी एक ओळ घातली: वीज गेल्यास कॉमन रूममधली अंगीठी वापरता येईल, मात्र अंगीठी लावल्यास खिडकी उघडी ठेवावी.

अंगीठी म्हणजे आपली शेगडीच, पत्र्याची, कोळशाची. वसतिगृहाच्या दोन अंगीठ्या होत्या. हिमवर्षाव झाला की तिकडे दोन-दोन दिवस वीज जाते, तेव्हा त्या कॉमन रूममध्ये पेटायच्या आणि मुली भोवती बसून शेंगदाणे खायच्या. ती ओळ लिहिताना मला आपण समंजस आहोत असं वाटलं होतं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटे सव्वापाचला, अठरा नंबरची मुलगी माझं दार वाजवायला आली. तिला सतरा नंबरमधल्या मैत्रिणीसोबत सहाची बस पकडायची होती. मैत्रिणीने बऱ्याच वेळाने कडी काढली आणि दारातच खाली बसली. दुसरी पलंगावर होती, तिने अंथरुणात उलटी केली होती. दोघींचं डोकं फुटत होतं. आदल्या रात्री मेसमध्ये कढी होती, ती जरा आंबटच होती, मीही खाल्ली होती. मला वाटलं, कढी बाधली.

मी काय केलं ते सांगते. दारात बसलेल्या मुलीला उठवून परत पलंगावर निजवलं. थंडी आत येऊ नये म्हणून दार लावून घेतलं. अठरा नंबरच्या मुलीला साखर-मीठ-पाणी आणायला पाठवलं आणि मी स्वतः पलंगाच्या कडेला बसून त्या दोघींचे तळवे चोळत राहिले. दहा मिनिटं असेल. माझंही कपाळ जड व्हायला लागलं, ते मी झोपमोडीच्या खात्यात टाकलं.

तेवढ्यात चौकीदारचाचा कंदील घेऊन आले. दार उघडून एकदा आत बघितलं, आणि एक शब्द न बोलता खिडकीकडे गेले, खिटी काढून दोन्ही झडपा उघडल्या. मग दोन पलंगांच्या मधून, टेबलाच्या सावलीतून, त्यांनी अंगीठी बाहेर काढली. वर राख होती, खाली अजून लाल होतं. "मॅडमजी, गैस चढ़ गई है बच्चियों को. बाहर निकालो पहले."

आम्ही त्यांना व्हरांड्यात नेऊन, रजया गुंडाळून बसवलं. शून्याखालच्या त्या हवेत दहा-पंधरा मिनिटांत पहिलीला जरा तरतरी आली. कढीने आजारी पडलेलं माणूस नुसतं बाहेर बसवल्याने बरं होत नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, आणि एकाच खोलीतल्या दोघी एकाच वेळी, ताप नसताना, एकाच तक्रारीने आजारी पडतात याचाही अर्थ.

सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर लावलं. अठ्ठ्याण्णव. मी सुटकेचा श्वास सोडला, तर तो म्हणाला, या आकड्यावर जाऊ नका, हे यंत्र अशा वेळी खोटं बोलतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि ते साधं यंत्र त्या दोघांतला फरक ओळखू शकत नाही. प्राणवायू घेऊन जाणारी गाडी भरलेली दिसते, पण तिच्यात माल भलताच असतो. साध्या हवेत तो वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास घेतो. मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर साधारण तास-सव्वातास. दोघींना मास्क लावून दुपारपर्यंत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोडलं. धाकटी, चंब्याची, त्यानंतर महिनाभर म्हणत होती की वाचलेलं लक्षात राहत नाही. मग राहू लागलं.

मी त्यांना रागावले नाही. विचारलं फक्त, खिडकी? मोठीने अगदी सरळ उत्तर दिलं. खिडकी उघडी ठेवली होती मॅम, नोटिशीत लिहिलं होतं म्हणून. मेसच्या तंदूरमधले निखारे भरून आणले होते, धूर निघत होता तोवर खिडकी उघडी होती. दहाच्या सुमाराला धूर थांबला, मग बंद केली.

आता यात चूक कुठे होती? माझी ओळ त्यांनी शब्दशः पाळली होती. धुरासाठी खिडकी, असा त्यांनी अर्थ लावला, आणि शंभरातले नव्व्याण्णव लोक तोच लावतील. पण धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोंबणं नाही. निखारे लालबुंद, शांत, बिनधुराचे झाले की शेगडी निरुपद्रवी झाली असं वाटतं, आणि नेमका तेव्हाच, वर राखेचा थर धरून कमी हवेत धुमसताना, तो वायू भरपूर निघत असतो. झोपलेल्याला तर डोकेदुखीसुद्धा कळत नाही. खिडकी किती उघडी म्हणजे पुरे, याचं उत्तरच नाही. ते वाऱ्यावर, कोळशावर, खोलीच्या मापावर ठरतं आणि रात्रीतून बदलतं. म्हणून ती ओळ सौम्य नव्हती, चुकीची होती. झोपायच्या खोलीत निखारे नकोत, खिडकी उघडी असो वा बंद, एवढंच खरं वाक्य होतं, आणि मी ते लिहिलं नव्हतं.

तिकडे चुलीसाठी जे तंदूर असतात, त्यांना पत्र्याचं नळकांडं छपराबाहेर काढलेलं असतं. हाच सगळा फरक. जळणारी वस्तू आपल्या श्वासाच्या हवेतच जळतेय की तिचा धूर वेगळ्या वाटेने बाहेर जातोय. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसं जातात, तेव्हाही गोष्ट हीच असते, फक्त थंडी कमी असते.

आणि मुळात अंगीठी त्या खोलीत आली का? कारण त्या दोघींचा हीटर माझ्या कपाटात होता. वरून तिसरा, निळ्या दांडीचा.

घटनेनंतर वरून तोंडी हुकूम आला, की बंदी अजून कडक करा, दंड हजार करा. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या. आणि कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. हे गृहस्थ निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे, आणि वसतिगृहावर त्यांचा जुना राग. "हमसे कोई पूछता नहीं मैडम, फिर जला हुआ बोर्ड दिखाते हैं."

त्यांना मी सहज एक गोष्ट सांगितली. आदल्या महिन्यात वरच्या मजल्यावरून तक्रार आली होती, की बारा नंबरमध्ये कुणीतरी मासे शिजवतंय. आमचं वसतिगृह शाकाहारी. मी रात्री अकराला जाऊन ती खोली धुंडाळली होती, मुलींच्या पेट्या उघडायला लावल्या होत्या, काही सापडलं नव्हतं. हे ऐकून ते हसले नाहीत. उठले, पेचकस घेतला आणि सरळ बारा नंबरमध्ये गेले. पलंगामागच्या सॉकेटची पांढरी पाटी काढली. मागची बाजू तपकिरी झाली होती, एका भोकाभोवती प्लॅस्टिक वितळून ओघळलं होतं, तारेवरचं आवरण कडक होऊन बोटाने मोडत होतं. नाक जवळ नेलं तर अजूनही तो वास होता. शिळ्या मासळीचा. सॉकेट आणि स्विचांचं प्लॅस्टिक जळण्याआधी नुसतं तापत राहिलं, की असाच वास येतो. आगीची ती पहिली खबर, आणि मी तिचा माग काढत मुलींच्या डब्यांत मासे शोधत होते.

पुढचे तीन दिवस आम्ही छत्तीस खोल्या फिरलो. ते बोलत गेले आणि मी वहीत लिहीत गेले. इतिहासवालीला वॉट आणि अँपियर शिकवायला त्यांना काही कमीपणा वाटला नाही. मला त्यातलं जे समजलं ते असं.

आपल्या भिंतीवर दोन मापांचे सॉकेट असतात. लहान, सहा अँपियरचं, आणि जाड पिनांचं मोठं, सोळा अँपियरचं. आमच्या खोल्यांत फक्त लहान होतं, कारण ज्या काळात तारा ओढल्या तेव्हा खोलीत एक दिवा आणि फार तर टेबललॅम्प एवढीच अपेक्षा होती. दोन हजार वॉटचा ब्लोअर दोनशे तीस व्होल्टवर पावणेनऊच्या आसपास अँपियर ओढतो. त्याची पिन जाड असते ती उगाच नाही. लहान भोकात ती जाऊच नये म्हणून असते. पण बाजारात तीस-चाळीस रुपयांना एक कन्व्हर्टर मिळतो, मागे जाड पिनेची भोकं, पुढे बारीक पिना. कंपनीने जाडी वाढवून जी सूचना दिलेली असते, ती तो कन्व्हर्टर पुसून टाकतो. छत्तीस खोल्यांत आम्हाला एकोणतीस कन्व्हर्टर सापडले.

मग माझा प्रश्न असा होता, की जास्त वीज ओढली तर एमसीबी पडायला हवा ना? त्यासाठीच तर तो असतो. ते म्हणाले, एमसीबी तारेतली वीज मोजतो, सॉकेटची गरमी मोजत नाही. बारा नंबरचं उदाहरण त्यांनी तिथेच वहीवर मांडलं. सॉकेटची पितळी पकड सैल झाली की पिन आणि पकड यांच्यामध्ये थोडा अडथळा येतो. समजा एका ओहमचा पाचवा हिस्सा. त्यातून पावणेनऊ अँपियर जातात. उष्णता ही विजेच्या वर्गाने वाढते, म्हणून पावणेनऊ गुणिले पावणेनऊ, पुन्हा गुणिले तो पाचवा हिस्सा, झाले पंधरा वॉट. पंधरा वॉट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण रेडिओ दुरुस्त करायची छोटी डाक देण्याची सळई पंचवीस वॉटची असते आणि तिने कथील वितळतं. तशी अर्ध्याहून जास्त ताकदीची सळई भिंतीत, प्लॅस्टिकच्या डबीत, पलंगाच्या गादीपासून वीतभर अंतरावर रात्रभर चालू. एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक, कारण तारेत वीज ठरल्याएवढीच आहे. आणि तापल्याने पकड अजून सैल होते, मग अजून तापते.

हेच आठशे वॉटचा हीटर लावून करून बघा, ते म्हणाले. वीज साडेतीन अँपियर. त्याच सैल सॉकेटमध्ये अडीच वॉटदेखील होत नाहीत. वीज अडीच पटींनी कमी झाली, तर तापणं सहा पटींनी. त्या एका हिशेबाने माझी नोटीस बदलली. तोवर मी हीटर हवा की नको असा विचार करत होते.

ओळखायची रीत त्यांनी सांगितली ती सोपी होती. हीटर अर्धा तास चालवून बंद करा, पिन काढा आणि पिनेच्या पितळेला उलट्या बोटाने स्पर्श करा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर त्या सॉकेटला हीटर लावायचा नाही, मग तो कितीही वॉटचा असो. पाटीवर पिवळट डाग, प्लग लावताना चर्रचर्र आवाज, आणि मासळी, ही बाकीची लक्षणं.

जिन्याखालच्या पेटीत मात्र दुसरंच प्रकरण निघालं. दोन-दोन खोल्यांची मिळून एक लाइन होती, दीड एमएमच्या तारेची, आणि तिच्यावर सोळाचा एमसीबी असायला हवा होता. दोन खोल्यांत दोन ब्लोअर लागले की साडेसतरा अँपियर, त्यात एखादीने चहाची किटली लावली की चोवीस. साहजिकच पडायचा. मुली खाली येऊन वर करायच्या, तो पुन्हा पडायचा. या रोजच्या कटकटीला वैतागून मागे कुणीतरी, इलेक्ट्रिशियन म्हणाले मी नव्हे, सोळाचे काढून बत्तीसचे बसवून टाकले होते. मग पडणं थांबलं, तक्रारी थांबल्या. पण बत्तीस अँपियरपर्यंत आता काहीच पडणार नव्हतं, आणि तार तेवढी सोसणारी नव्हती. वितळायचं तर पेटीतल्या एमसीबीआधी भिंतीतली तारच वितळली असती, जुन्या भागात लाकडी फळ्यांच्या मागे. त्या पेटीसमोर उभं असताना मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. अंगीठीचं मी पाहिलं होतं, हे घडायचं राहिलं होतं.

इमारतीची मंजूर वीज चाळीस किलोवॉट होती. छत्तीस खोल्यांत दोन-दोन हजार वॉट लागले तर बहात्तर. म्हणजे सगळ्यांना मनासारखे हीटर देणं शक्यच नव्हतं, नवीन लाइन आणि नवा भार मंजूर होईपर्यंत दोन हिवाळे गेले असते. पण मेस, गिझर आणि दिवे यांचा भार एका वेळी नऊच्या आसपास होता. खोलीमागे आठशे वॉट धरले तर छत्तीस खोल्यांचे अठ्ठावीस पूर्णांक आठ. बेरीज सदतीस पूर्णांक आठ. बसतंय. काठावर, पण बसतंय. हे मी प्राचार्यांना कागदावर दाखवलं. बंदीमुळे हीटर शून्य होत नाहीत, चोरून दोन हजारांचे होतात, आणि चोरी पकडली तर निखारे येतात, असंही सांगितलं. सतरा नंबरचा उल्लेख मला करावा लागला नाही.

सुट्टीत काम झालं. प्रत्येक खोलीची तार वेगळी केली, जळकी आणि सैल सॉकेटं बदलली, बत्तीसचे एमसीबी निघाले आणि प्रत्येक खोलीला सहाचा लागला. मर्यादा नोटिशीवर असण्यापेक्षा पेटीत असलेली बरी. आठशे वॉट, लॅपटॉप, दिवा, सगळं मिळून चार-सव्वाचार अँपियर, ते निवांत चालतं. दोन हजारांचा ब्लोअर लावला तर तासाभरात सहाचा एमसीबी पडतोच. याला एक पळवाट आहे, ती इलेक्ट्रिशियननेच सांगितली. संध्याकाळी सगळं गाव हीटर लावतं, तेव्हा व्होल्टेज एकशेनव्वदपर्यंत उतरतं. त्या वेळी तोच ब्लोअर जेमतेम सव्वासात अँपियर ओढतो आणि एमसीबी बराच वेळ तग धरू शकतो. उष्णताही तो पावणेचौदाशे वॉटचीच देतो म्हणा. त्यामुळे माझ्या फेऱ्या पूर्ण थांबल्या नाहीत, फक्त आता मी कन्व्हर्टर शोधत असे.

हीटर दोन क्वार्ट्झ रॉडचे, चारशे-चारशेचे, कललं की आपोआप बंद होणारे. निम्मे पैसे मुलींचे, निम्मे वसतिगृह निधीतून. कपाटातले चौदा मी सुट्टीत घरी न्यायला परत दिले.

आणि मग पुन्हा नोटीस लिहायला बसले. या खेपेला हवेबद्दल काय लिहायचं हा प्रश्न होता, कारण मुलींच्या मनात सगळी भेसळ झाली होती. सतरा नंबरनंतर अर्ध्या वसतिगृहाचा ठाम समज होता की विजेचा हीटरही ऑक्सिजन खातो, म्हणून त्याच्यासमोर पाण्याची वाटी ठेवायची. विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही. तार किंवा रॉड तापतो, हवा तापते, बस. त्यावर धूळ जळल्याचा वास पहिल्या दिवशी येतो तेवढाच. वाटीचं कारण वेगळं. पाच अंशांची हवा अठरापर्यंत तापवली की तिच्यातला ओलावा तेवढाच राहतो, पण तिची तहान दुपटीहून वाढते, म्हणून घसा आणि ओठ सुकतात. वाटीने त्यात फारसा फरक पडत नाही, नुकसानही नाही. फक्त ती हीटरच्या समोर जमिनीवर नको, पाय लागून सांडते. मी हे एका मुलीला समजावलं तर ती म्हणाली, पण मॅम, सकाळी डोकं जड असतंच. असतं. दोघींच्या श्वासाने बंद खोली रात्रभरात कोंदटते, वर दोरीवर ओले मोजे वाळत असतात, खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळतं आणि कोपऱ्यात बुरशी धरते. त्यासाठी वरचं झरोक्याचं तावदान बोटभर उघडं हवं. मुलींना वाटायचं सगळी ऊब तिथून जाईल. इलेक्ट्रिशियन आणि मी मिळून हिशेब केला. दहा बाय बाराच्या खोलीतली हवा तासात एकदा पूर्ण बदलली, तरी बाहेरच्यापेक्षा बारा अंश ऊब राखायला साधारण शंभर-सव्वाशे वॉट जादा लागतात. म्हणजे आठशेतला सातवा-आठवा हिस्सा. बाकीची ऊब तशीही दगडी भिंत गिळते.

नोटीस हिंदीत होती, मराठीत सांगायचं तर अशी होती. खोलीत एकच हीटर, दोन रॉडचा, आठशे वॉटपर्यंत, सरळ भिंतीच्या सॉकेटला, एक्स्टेंशन आणि कन्व्हर्टर नाही. हीटर चालू असताना किटली नाही. पांघरूण, पडदा, वाळत घातलेले कपडे यांच्यापासून तीन फूट. झोपण्यापूर्वी बंद, आणि रात्रीसाठी मेसमधून साडेनऊला रबरी पिशवीत गरम पाणी मिळेल. वरचं तावदान बोटभर उघडं. प्लग गरम लागला किंवा मासळीचा वास आला तर लगेच सांगावं, कोणत्याही वेळी, काही विचारलं जाणार नाही. मग एक ओळ सोडून, मोठ्या अक्षरांत: अंगीठी, शेगडी, निखारे खोलीत कधीही नाहीत, खिडकी उघडी असली तरी नाहीत. एकाच खोलीत दोघींना एकदम डोकेदुखी किंवा उलटी झाली तर आधी दोघी बाहेर, मग वॉर्डनला हाक.

दंडाची रक्कम लिहिली नाही. प्राचार्यांनी सही करताना विचारलं, दंड? मी म्हटलं, एमसीबी पडला की अंधार होतो, तो पुरे.

किटलीच्या बाबतीत मात्र मी हरले. पंधराशेची किटली आणि आठशेचा हीटर मिळून दहा अँपियर होतात आणि सहाचा एमसीबी पडतो, पण लगेच नाही. त्याच्या आतली पट्टी तापून वाकायला वेळ घेते. मुलींनी महिन्याभरात शोधून काढलं की तेवढ्या वेळात अर्धी किटली उकळते. पूर्ण भरली तर अंधार, अर्धी भरली तर चहा. नंतर त्या मला 'अर्धी किटली'ला बोलावू लागल्या आणि मी जाऊ लागले. हीटर आधी बंद करा म्हणाले की एक जण बंद करायची, माझ्यासमोर तरी.

सतरा नंबरच्या दोघी पुढच्या वर्षीही तिथेच राहिल्या. खोली बदलून देते म्हटलं होतं, नको म्हणाल्या. मोठीने खिडकीच्या खिटीला लोकरीचा लाल धागा बांधला होता, का ते मी विचारलं नाही.

अंगीठ्या दोन्ही अजून अंगणात, नळाच्या कट्ट्याजवळ असतात. बर्फ पडून वीज गेली की तिथेच पेटतात, शेडखाली, मोकळ्यावर. शेंगदाणे पूर्वीसारखेच. पाठ गार पडते, तोंड भाजतं, मुली आळीपाळीने वळतात.

'मछली' हा शब्द मात्र वसतिगृहात राहिला. जुन्यांनी नव्यांना शिकवला. गेल्या जानेवारीत रात्री साडेदहाला दार वाजलं. पहिल्या वर्षाची मुलगी, उन्याची, शाल डोक्यावरून घेतलेली, आपण उगाच त्रास देतोय की काय अशा चेहऱ्याने उभी. "मॅम, सॉरी. चौबीस नंबर में मछली है शायद."

मी चपला घातल्या आणि टॉर्च घेतला.